इराणवरचे निर्बंध: सुरक्षा परिषदेने लावले तर कायदेशीर, एकट्या अमेरिकेने लावले तर बेकायदा, इतकं सरळ आहे का?

शर्वरी_द

निर्बंधांचा विषय निघाला की दोन ठरलेली मतं ऐकू येतात. संयुक्त राष्ट्रांनी लावलेले निर्बंध कायदेशीर आणि एखाद्या देशाने आपल्या मर्जीने लावलेले बेकायदा, हे पहिलं. कुणाशी व्यापार करायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, त्यात कायदा कुठून आला, हे दुसरं. मला दोन्ही अपुरी वाटतात. इराणचं उदाहरण घेतलं की ती कुठे अपुरी पडतात हे दिसतं, कारण एकाच देशावर, एकाच अणुकार्यक्रमावरून, दोन्ही प्रकारचे निर्बंध लागले आहेत.

डिसेंबर २००६ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १७३७ मंजूर केला. त्यानंतर आणखी ठराव आले आणि जून २०१० मधला ठराव १९२९ त्यातला सगळ्यात कडक होता. १२ देश बाजूने, ब्राझील आणि तुर्कस्तान विरोधात, लेबनॉन तटस्थ. पण तो वाचून पाहिला तर लक्षात येतं की त्याचा रोख अणुकार्यक्रम, क्षेपणास्त्रं, शस्त्रं आणि यादीतल्या व्यक्ती-संस्थांवर होता. इराणकडून तेल घेऊ नका असं सुरक्षा परिषदेने कधीच म्हटलं नाही. तेलावरचा घाव घातला तो २०११ च्या अखेरीस झालेल्या अमेरिकी कायद्याने आणि १ जुलै २०१२ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या बंदीने. मार्च २०१२ मध्ये इराणी बँका स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून बाहेर पडल्या, त्याही युरोपीय संघाच्या निर्णयामुळे. म्हणजे ज्या काळाला आपण सामूहिक निर्बंधांचा काळ म्हणतो, त्यातसुद्धा इराणची कंबर मोडली ती परिषदेच्या बाहेर घेतलेल्या निर्णयांनी.

पुढे जुलै २०१५ मध्ये इराणचा अमेरिकेसह सहा देशांशी अणुकरार झाला, ठराव २२३१ एकमताने आला आणि जानेवारी २०१६ मध्ये परिषदेचे जुने निर्बंध उठले. ८ मे २०१८ रोजी ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढलं आणि त्याच वर्षी ७ ऑगस्ट आणि ५ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत अमेरिकेचे निर्बंध परत लागले. त्या वेळी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे अहवाल इराण मर्यादा पाळतोय असंच सांगत होते.

तर २०१८ मध्ये अमेरिकेने नेमका कोणता कायदा मोडला, की मोडलाच नाही? 'एकतर्फी' म्हटल्याने याचं उत्तर मिळत नाही असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

रघुनाथ_क

उत्तर मिळतं की. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ४१वं कलम निर्बंधांचा अधिकार सुरक्षा परिषदेला देतं. अधिकार एकाला दिला म्हणजे बाकीच्यांना तो नाही. अमेरिकेने केलेल्या क्यूबाच्या कोंडीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांची आमसभा १९९२ पासून जवळपास दरवर्षी ठराव करते आहे. २०२४ मध्ये १८७ देश बाजूने आणि विरोधात फक्त दोन, अमेरिका आणि इस्रायल. एवढे देश एका सुरात बोलत असतील तर तो कायदा नाही तर काय आहे?

मृणाल_जो

रघुनाथराव, तुमच्या म्हणण्यातला एक भाग बरोबर आहे, पण ४१व्या कलमाचा अर्थ तुम्ही जरा ताणताय. परिषदेने उपाय ठरवला की तो २५व्या कलमामुळे सगळ्या सदस्य देशांना बंधनकारक होतो, आणि १०३व्या कलमामुळे इतर करारांतल्या जबाबदाऱ्यांपेक्षा वरचढ ठरतो. सामूहिक निर्बंधांची खरी ताकद यात आहे. एखाद्या देशाचा इराणशी व्यापारकरार असला तरी परिषदेच्या ठरावापुढे तो बाजूला सारता येतो. पण परिषदेशिवाय कुणीच आर्थिक दबाव आणू नये, असं सनदेत कुठेही लिहिलेलं नाही.

आमसभेच्या ठरावांना वजन आहे. ते देशांना बांधून ठेवत नाहीत, मात्र देश काय मानतात याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे बघतात. अडचण अशी की क्यूबाच्या ठरावावर बाजूने मत देणारे कितीतरी देश इतरांवर स्वतः निर्बंध लावतात. युरोपीय संघ याचं ठळक उदाहरण. त्यामुळे 'एकतर्फी निर्बंध सरसकट निषिद्ध' असा, देशांच्या आचरणातून बनणारा रूढ नियम तयार झालाय, असं म्हणायला आचरणाची साथ मिळत नाही.

या प्रश्नाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ मध्येच हात घातला होता. निकाराग्वाच्या खटल्यात इतर आरोपांसोबत १ मे १९८५ ची अमेरिकेची व्यापारबंदीही होती. न्यायालयाने तिच्याकडे दोन बाजूंनी पाहिलं. रूढ कायद्यातलं, दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचं तत्त्व या बंदीने मोडलं का? न्यायालय म्हणालं, तसं मानता येत नाही. पण दोन्ही देशांत १९५६ चा मैत्री आणि व्यापाराचा करार होता, तो मोडला का? हो, मोडला. 'आमच्या सुरक्षेसाठी हे आवश्यक होतं' हा अमेरिकेचा बचावही न्यायालयाने फेटाळला.

व्यापार थांबवणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही. व्यापार चालू ठेवण्याचं लेखी वचन दिलेलं असेल आणि मग तो थांबवला, तर ठरतो. शर्वरीताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथे दिसतं.

समीर_वि

मला या सगळ्या चर्चेचा उपयोग कळत नाही. निर्बंधांनी सरकारं बदलत नाहीत. क्यूबात बदललं का? इराणमध्ये बदललं का? सामान्य माणूस भरडला जातो आणि सत्ताधारी मजेत राहतात. मग ते कायदेशीर आहेत की नाहीत याने काय फरक पडतो?

शर्वरी_द

समीर, निर्बंध परिणामकारक आहेत का हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी नक्की लिहीन. इथे फरक पडतो तो असा: कायदा मोडला हे सिद्ध झालं तर दाद मागता येते, भरपाई मागता येते. आणि एखादा तिसरा देश किंवा कंपनी 'आम्ही हे पाळायला बांधील नाही' असं म्हणू शकते. निर्बंध निरुपयोगी आहेत एवढंच सिद्ध झालं तर यातलं काहीच हाती लागत नाही.

मृणालताई, अमेरिका आणि इराण यांच्यातही तसा करार होता ना?

मृणाल_जो

होता, १९५५ चा, शहाच्या काळातला. १९७९ ची क्रांती, दूतावासातलं ओलीसनाट्य, सगळं होऊनही तो कुणी औपचारिकपणे रद्द केलेला नव्हता. अणुकरारात वाद न्यायालयात नेण्याची सोय नव्हती, आणि अमेरिका तर त्याला राजकीय वचनांचा कागद मानत होती. म्हणून इराणच्या वकिलांनी या जुन्या कराराचा आधार घेतला आणि १६ जुलै २०१८ रोजी हेगमध्ये दावा दाखल केला.

३ ऑक्टोबर २०१८ ला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. इराणने मागितलं होतं सगळे निर्बंध थांबवणं. न्यायालयाने तेवढं दिलं नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं, अन्नधान्य आणि शेतीमाल, आणि नागरी विमानांच्या सुरक्षिततेसाठी लागणारे सुटे भाग आणि सेवा, एवढ्यांच्या आड येणारे अडथळे अमेरिकेने दूर करावेत असं सांगितलं. त्यासाठी लागणारे परवाने मिळाले पाहिजेत आणि पैसे पाठवण्यावर बंधन नको, हेही आदेशात होतं. आदेश एकमताने झाला. अमेरिकेने नेमलेले तदर्थ न्यायाधीशही त्यात होते.

त्याच दिवशी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री पॉम्पेओ यांनी १९५५ चा करार संपवत असल्याचं जाहीर केलं. करारात एक वर्षाच्या नोटिशीची अट आहे. दावा त्याआधीच दाखल झालेला असल्यामुळे न्यायालयाचा अधिकार तसाच राहिला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेचे प्राथमिक आक्षेप फेटाळताना न्यायालयाने तो मान्यही केला. सुरक्षेच्या अपवादाबद्दल न्यायालय म्हणालं की तो बचाव मूळ वादाच्या सुनावणीत मांडायचा, अधिकार नाकारण्यासाठी वापरायचा नाही. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हे मात्र विसरू नये.

दर्यावर्दी

हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी वैद्यकीय साहित्याच्या निर्यातीत आहे. डायलिसिसचे फिल्टर आणि नळ्या. २०१९ मध्ये इराणच्या एका खरेदीदाराची ऑर्डर होती. मालावर बंदी नव्हती. अमेरिकी नियमांत औषधं आणि उपकरणांना सूट आहे, ती कागदपत्रं आम्ही काढून ठेवली होती. आमच्या बँकेने एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेचं पैशांचं हमीपत्र, हाताळायला नकार दिला. लेखी कारण एका ओळीचं: बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार. दुसऱ्या बँकेने आठवडाभर कागद मागवले आणि तेच सांगितलं. पुढे जहाज कंपनीने बुकिंग घेतलं नाही, विमा कंपनीनेही हात वर केले. माल गोदामात पडून राहिला आणि शेवटी दुसऱ्या देशात कमी भावाने गेला. आमचं नुकसान भरून निघालं, पण तिकडे त्या फिल्टरची वाट बघणारे रुग्ण होते, ते डोक्यातून जात नाही.

मला सांगा, यात कायदा कुणी मोडला? आम्ही नाही. बँकेने कुणाशी व्यवहार करावा यावर कुणाची सक्ती नाही. अमेरिका म्हणते आम्ही सूट दिलीच होती. मग हेगच्या त्या आदेशाचं काय झालं?

मृणाल_जो

दर्यावर्दी, तुमचा अनुभव या विषयाच्या मुळाशी जातो. न्यायालयापुढे अमेरिकेने हेच म्हटलं होतं, की मानवतावादी वस्तूंना आमच्या नियमांत सूट आहेच. न्यायालयाला ते पुरेसं वाटलं नाही, आणि आदेशात पैसे पाठवण्याचा मुद्दा वेगळा घातला गेला तो म्हणूनच. कागदावरची सूट आणि प्रत्यक्षात पोचणारा पैसा यांच्यात बँक उभी असते.

बँक घाबरते त्यालाही कारण आहे. डॉलरचा व्यवहार बहुतेक वेळा न्यूयॉर्कमधल्या कॉरस्पॉन्डंट, म्हणजे मध्यस्थ, बँकेच्या खात्यातून जातो, आणि तिथे अमेरिकेचा कायदा थेट लागतो. २०१४ मध्ये सुदान, इराण आणि क्यूबाच्या व्यवहारांवरून बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला सुमारे ८.९ अब्ज डॉलर भरावे लागले होते. व्यवहार डॉलरमध्ये नसला तरी दुय्यम निर्बंधांची टांगती तलवार असते: इराणशी व्यवहार कराल तर आमच्या बाजारात आणि आमच्या बँकांत तुम्हाला जागा नाही. तुमच्या एका एलसीवर बँकेला मिळणारं कमिशन आणि हा धोका, यांचं गणित कुठलाही अधिकारी एका मिनिटात मांडतो.

ईशान_पा

आता मी थोडी दुसरी बाजू मांडतो. परिषदेचा रस्ता म्हणजे पाच देशांच्या नकाराधिकाराचा रस्ता. दक्षिण आफ्रिकेवर परिषदेने १९७७ मध्ये शस्त्रबंदी घातली, पण सर्वंकष आर्थिक निर्बंधांचे प्रस्ताव अमेरिका आणि ब्रिटनने पुन्हा पुन्हा अडवले. शेवटी १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रेगन यांचा नकार डावलून वर्णद्वेषविरोधी कायदा केला. तो एकतर्फीच होता. त्याला बेकायदा म्हणायचं का? फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्याबद्दलचा ठराव रशियाने स्वतःच नाकारला. ज्याच्यावर कारवाई करायची तोच नकाराधिकार घेऊन बसला असेल तर बाकीच्यांनी काय करायचं?

शिवाय 'एकतर्फी' म्हणजे एकच देश असंही नाही. युरोपीय संघातले २७ देश मिळून निर्बंध लावतात. परिषदेच्या दृष्टीने तेही एकतर्फीच.

मृणाल_जो

ईशान, हा मुद्दा मला पटतो आणि त्याला कायद्यात जागाही आहे. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ मध्ये देशांच्या जबाबदारीचा जो मसुदा पक्का केला, त्यात प्रतिउपायांची तरतूद आहे. समोरच्याने तुमच्याविरुद्ध नियम मोडला असेल तर तुम्हीही तुमची एखादी जबाबदारी तात्पुरती स्थगित करू शकता. अटी कडक आहेत: आधी मागणी करा, बोलणी करा, उपाय नुकसानाच्या प्रमाणात ठेवा, तो मागे घेता येईल असा असावा, आणि मूलभूत मानवी हक्कांना हात लावू नका. समोरचा वळणावर यावा हा हेतू हवा, शिक्षा करण्याचा नाही.

पण ज्याच्याविरुद्ध नियम मोडला तो सोडून तिसऱ्या देशाने प्रतिउपाय करावा का, यावर आयोगात एकमत झालं नाही. ५४व्या कलमात तो प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला. आक्रमण किंवा वर्णद्वेष यांसारख्या, सगळ्या जगाप्रती असलेल्या जबाबदाऱ्या मोडल्या गेल्या असतील तर तिसऱ्या देशांनाही वाव असावा, असं मानणारे अभ्यासक आता बरेच आहेत. मीही त्याच बाजूची आहे.

हीच कसोटी २०१८ च्या इराणला लावा. त्या क्षणी इराणने अमेरिकेविरुद्ध कोणता नियम मोडला होता? अणुकराराबद्दल पर्यवेक्षकच म्हणत होते की तो पाळला जातोय. म्हणून प्रतिउपाय म्हणून त्या निर्बंधांचं समर्थन करणं मला फार अवघड वाटतं. दक्षिण आफ्रिका आणि २०१८ चा इराण, दोन्ही एकतर्फी. कायद्यातलं दोघांचं स्थान एक नाही.

रघुनाथ_क

बरं, तेवढं मान्य. पण दुय्यम निर्बंधांचं काय? अमेरिकेने स्वतःच्या कंपन्यांना रोखलं ते समजू शकतो. फ्रेंच कंपनीने इराणमध्ये काय करावं हे वॉशिंग्टनने ठरवायचं, हे कुठल्या कायद्यात बसतं? टोटल कंपनी २०१८ मध्ये दक्षिण पार्सच्या वायूक्षेत्रातून बाहेर पडली ती फ्रान्सच्या इच्छेने नव्हे.

मृणाल_जो

इथे तुमच्या बाजूला बरेच देश आहेत. आपल्या हद्दीबाहेरच्या, आपले नागरिक नसलेल्यांच्या, आपल्याशी काही संबंध नसलेल्या व्यवहाराला नियम लावणं युरोपीय संघ बेकायदा मानतो. १९९६ मध्ये अमेरिकेने क्यूबा, इराण आणि लिबियावर तसे कायदे केले तेव्हा युरोपने त्याच वर्षी त्यांना अटकाव करणारा नियम आणला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याची यादी वाढवून इराणचे निर्बंध त्यात घातले. त्या नियमानुसार युरोपीय कंपनीने ते अमेरिकी कायदे पाळणंच मना आहे.

त्याची परीक्षा बँक मेल्ली विरुद्ध टेलिकॉम डॉइचलंड या खटल्यात झाली. जर्मनीतल्या दूरध्वनी कंपनीने इराणी बँकेच्या हॅम्बुर्ग शाखेचे करार कारण न देता संपवले. डिसेंबर २०२१ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगितलं की अमेरिकेकडून थेट आदेश आलेला नसला तरी ही मनाई लागू होते, आणि प्रथमदर्शनी संशय दिसला तर आपण अमेरिकेच्या भीतीने करार मोडला नाही हे कंपनीने दाखवायचं. पण त्याच निकालात हेही म्हटलं की कंपनीला होणाऱ्या नुकसानीच्या प्रमाणाचाही विचार करावा लागेल. त्यामुळे कायदा युरोपच्या बाजूने असूनही कंपन्या इराणमधून निघतच राहिल्या. डॉलरला वळसा घालायला २०१९ मध्ये उभारलेल्या इन्स्टेक्स या यंत्रणेतून पहिला व्यवहार मार्च २०२० मध्ये झाला, तोही वैद्यकीय मालाचा, आणि २०२३ मध्ये ती गुंडाळावी लागली.

शर्वरी_द

याच्या उलट बाजूनेही बघायला हवं. ऑगस्ट १९९० मधला ठराव ६६१ आठवा. इराकवरचा जवळपास संपूर्ण व्यापार बंद, पूर्णपणे परिषदेचा निर्णय, कायदेशीरपणात खोट काढायला जागा नाही. त्या निर्बंधांखाली इराकी जनतेचे जे हाल झाले ते जगाने पाहिले, आणि तेलाच्या बदल्यात अन्न देणारी योजना १९९६ च्या अखेरीपर्यंत सुरू झाली नव्हती. परिषदेचे निर्बंध नंतर व्यक्ती आणि संस्थांवर रोखले जाऊ लागले त्यामागे हा अनुभव आहे. व्यक्तींच्या यादीतही अन्याय होतो, हे २००८ मध्ये युरोपीय न्यायालयाने सौदी व्यावसायिक कादी यांच्या खटल्यात दाखवलं. यादीत नाव घातलं, खाती गोठवली, पण कारण सांगितलं नाही आणि बाजू मांडू दिली नाही, म्हणून त्यांच्यापुरता युरोपीय नियम रद्द केला गेला. परिषदेचा शिक्का असला की पुढे काही विचारायचंच नाही, हे मला मान्य नाही.

दर्यावर्दी

एक शंका. सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेचे जुने ठराव परत लागू झाले ना? मग आता आमच्या फिल्टरचं काय?

मृणाल_जो

तिथे तर सामूहिक म्हणजे काय यावरच भांडण आहे. ठराव २२३१ मध्ये अशी रचना होती की करारातल्या कुणी तक्रार केली की ३० दिवसांत निर्बंध उठलेलेच ठेवण्याचा ठराव मंजूर व्हायला हवा, नाहीतर जुने ठराव परत येणार. म्हणजे नकाराधिकाराची दिशाच उलटी केलेली. २०२० मध्ये अमेरिकेने ही कळ दाबायचा प्रयत्न केला, पण करारातून बाहेर पडलेल्याला तो हक्क नाही असं म्हणत परिषदेतल्या १५ पैकी १३ देशांनी तो मानला नाही. २८ ऑगस्ट २०२५ ला ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने तीच प्रक्रिया सुरू केली आणि सप्टेंबरअखेर ठराव परत लागू झाले. इराण, रशिया आणि चीन म्हणतात की ही प्रक्रियाच सदोष आहे आणि ठराव २२३१ ची मुदत १८ ऑक्टोबरला संपली. एका गटाच्या मते हे ठराव सगळ्या जगाला बांधतात, दुसऱ्याच्या मते ते अस्तित्वातच नाहीत.

तुमच्या फिल्टरवर त्या ठरावांत बंदी नाही. २००६ ते २०१० च्या ठरावांचा रोख काय होता ते शर्वरीताईंनी वर लिहिलंच आहे. खरेदीदार, त्याची बँक आणि जहाज यादीत नाहीत ना, हे मात्र आता परिषदेच्या यादीतही तपासावं लागेल.

ईशान_पा

मला हे पटत नाही की रशिया आणि चीनचा आक्षेप तितकाच वजनदार आहे. २०२० मध्ये अमेरिका करारात नव्हती. २०२५ मध्ये ते तीन देश करारात होते. आणि २०१९ पासून इराण स्वतः युरेनियम संवर्धनाच्या मर्यादा ओलांडत होता, ६० टक्क्यांपर्यंत गेला होता.

रघुनाथ_क

ओलांडल्या, पण अमेरिका बाहेर पडल्याला वर्ष झाल्यावर, आणि करारातच तशी मुभा आहे असं सांगून. तुम्ही इराणचा प्रतिउपाय मोजत नाही आणि युरोपचा मोजता.

दर्यावर्दी

यादी तपासून झाली. खरेदीदार नाही, त्याची बँकही नाही. उद्या आमच्या बँकेत जातो. या वेळी ३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाची प्रत सोबत नेणार आहे, आणि नकार दिलाच तर कारण लेखी मागणार आहे.